चर्र थांबल्यावर

कोविडनंतर गणपतीपुळ्याच्या माझ्या आत्याला वास येईनासा झाला. ती घरगुती खानावळ चालवते. तिचं कांदा-खोबऱ्याचं वाटण आजवर नाकाच्या भरवशावर होत आलेलं. आता ते कधी कच्चं राहायचं, कधी कडू व्हायचं, आणि नेहमीची गिऱ्हाईकं ताटात रस्सा ठेवून उठायची. "बाय, तू अन्नाचंच शिकल्येस ना? वासाशिवाय कसं ओळखू ते सांग," ती म्हणाली.

मी तिला उकडीच्या मोदकापासून सांगायला घेतलं. तो कितीही वेळ वाफवा, पांढराच राहतो, कारण वाफ शंभर अंशांच्या आसपासच असते. तळणीचा मोदक मात्र त्याहून बऱ्याच गरम तेलात जातो आणि काही मिनिटांत तांबूस होतो. पदार्थातली साखर आणि प्रथिनांचे घटक, म्हणजे अमिनो आम्लं, एकमेकांशी जोडली जाऊन तो रंग आणि खमंगपणा येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी 1912 मध्ये या क्रियेचं वर्णन केलं. साधारण 140 अंशांच्या वर ती झपाट्याने होते. अर्थात ही लक्ष्मणरेषा नव्हे. खवा आटवताना दूध त्याहून कमी तापमानालाही हळूहळू पिवळसर होतंच, फक्त त्याला वेळ लागतो.

आता कांदा. तो बहुतांशी पाणीच. कढईखालचा गॅस कितीही मोठा करा, फोडीतलं पाणी उकळून जाईपर्यंत ती शंभरच्या फारशी वर चढत नाही. चर्र आवाज येतो तो याच पाण्याचा. आवाज बारीक झाला की फोडीचा पृष्ठभाग कोरडा पडला, आणि तापमान चढायला लागलं. म्हणून आत्याने आता कान द्यायचा. आवाज पडला की गॅस बारीक करायचा, मग सतत परतत रंग बघायचा. तळाला चिकटायला लागलं की पाण्याचा हबका मारायचा. तापमान खाली येतं, करपणं थांबतं आणि तळाचा खमंग थर सुटून वाटणात उतरतो. सुकं खोबरं मात्र वेगळंच भाजायचं. त्यात पाणी नावालाच, ते कांद्याची वाट बघत नाही.

"म्हणजे कॅरॅमलच ना हे?" आत्याच्या मुलाने विचारलं. नाही. मी कोरड्या कढल्यात नुसती साखर ठेवली. ती वितळली, 160-170 अंशांच्या पुढे सोनेरी आणि मग तांबूस झाली. तिथे प्रथिनं नाहीत, साखरच उष्णतेने मोडते. चव गोड-कडवट, पण भाजल्या कांद्याचा खमंगपणा तिला नाही. 'कॅरॅमलाइज्ड ऑनियन' हे नाव मला म्हणूनच खटकतं. कांद्यातली थोडी साखर तशी मोडतही असेल, पण मुख्य काम मायारचं.

आत्याने त्या आठवड्यात मिक्सर, टीव्ही, सगळं बंद ठेवून वाटण भाजलं. बदामी रंगावर गॅस बंद करून तिने कढई लगेच उतरवली, कारण तापलेलं लोखंड पुढेही भाजतच राहतं. चव आम्ही घेतली. तिला अजून फक्त तिखट-मीठच कळतं.