नाव बदललं नव्हतं

लेख मागताना संपादकबाई म्हणाल्या, "कायद्याची कलमं नकोत, आमचे वाचक फराळ करता करता वाचतात." मी कबूल केलं. कलमांचे आकडे मी देणार नाही. पण एका पत्राबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण ते माझ्या ऑफिसातून गेलं होतं आणि त्यातलं एक वाक्य चुकलं होतं.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझे एक अशील आहेत. बीडाच्या कास्टिंगचं मशिनिंग करतात. माल गिऱ्हाइकाचा, काम यांचं, बिल मजुरीचं. चौदा वर्षं प्रोप्रायटर म्हणून धंदा केला. गेल्या वर्षी मुलगा हाताशी आला, म्हणून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली आणि 1 जुलैपासून सगळं काम कंपनीच्या नावावर घेतलं. त्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे पुण्याकडची एक मोठी कंपनी. तिच्या व्हेंडर नोंदणी विभागाला कळवायचं होतं. लेटरहेडवर पत्र तयार झालं, सोबत कंपनी स्थापनेचा दाखला, नवा पॅन, जीएसटीचा दाखला आणि रद्द केलेला चेक जोडला. पत्राचं पहिलं वाक्य होतं: "आमच्या फर्मचे नाव बदलून आता प्रायव्हेट लिमिटेड झाले आहे." ते मी वाचलं आणि जाऊ दिलं.

नाव बदललं नव्हतं. एक नवी व्यक्ती जन्माला आली होती.

हे मी अनेक वर्षं सांगते आहे आणि दर महिन्याला कुणी तरी नव्याने विचारतं. प्रोप्रायटरच्या पाटीवर 'अमुक इंजिनिअरिंग वर्क्स' असं काहीही असलं, तरी कायद्याला तिथे फक्त तो माणूस दिसतो. पॅन त्याचा, कर त्याचा, कर्जही त्याचंच. "आमचं रजिस्टर्ड आहे की मॅडम," असं म्हणून लोक गुमास्ता परवाना पुढे करतात. गुमास्ता म्हणजे दुकान किंवा आस्थापना चालू असल्याची नोंद. कामगार थोडे असतील तर महाराष्ट्रात 2017 च्या कायद्यापासून नुसती सूचना द्यावी लागते. त्याने कंपनी होत नाही. जीएसटी क्रमांकानेही होत नाही. कंपनी होते ती स्थापनेच्या दाखल्याने. त्यावर एकवीस अक्षरांचा क्रमांक असतो आणि त्यात राज्य आणि स्थापनेचं वर्षसुद्धा वाचता येतं.

खरोखरचा नावबदलही असतो. आधीच अस्तित्वात असलेली कंपनी आपलं नाव बदलते, तेव्हा तिचा पॅन तोच राहतो आणि नव्या नावाचा दाखला मिळतो. तिथे "नाव बदलले" हे वाक्य अगदी बरोबर. प्रोप्रायटरचं तसं नाही. त्याला आपला धंदा करार करून कंपनीला द्यावा लागतो. यंत्रं, येणी, देणी, सगळं. त्या हस्तांतरावर भांडवली नफ्याचा कर लागू नये म्हणून सगळी मालमत्ता आणि देणी कंपनीकडे जावी लागतात आणि निम्मे तरी शेअर त्याने पाच वर्षं स्वतःकडे ठेवावे लागतात. जीएसटीचं शिल्लक क्रेडिट वेगळा फॉर्म भरून न्यावं लागतं. इथे थांबते, नाहीतर संपादकबाईंना दिलेला शब्द मोडेल.

आता त्या वाक्याने काय केलं ते सांगते. नोंदणी विभागातल्या मुलाने पत्र वाचलं आणि त्यात लिहिलं होतं तेच केलं. जुन्याच व्हेंडर कोडमध्ये नाव बदललं, जीएसटी क्रमांक नवा टाकला. पॅनच्या रकान्याला हात लावला नाही, कारण नाव बदललं म्हणून पॅन बदलत नाही. त्याची चूक नव्हती.

जुलैचं तीन लाखांचं बिल लागलं. बिल लागतानाच टीडीएस कापला गेला आणि तो जुन्या पॅनवर जमा झाला. व्यक्ती म्हणून एक टक्का, म्हणजे तीन हजार. कंपनीला मजुरीवर दोन टक्के लागतात, म्हणजे सहा हजार कापायला हवे होते. उत्पन्न कंपनीचं, कापलेला कर मालकाच्या वैयक्तिक खात्यात. वर पेमेंट होल्डवर गेलं, कारण चेकवर कंपनीचं नाव आणि पॅनवर माणसाचं. ऑगस्टचंही तसंच झालं. दोन महिने पगार ओव्हरड्राफ्टमधून गेले, आणि फोन करावा तर उत्तर एकच, "तुमचा मास्टर मॅच होत नाही."

चूक सापडायला मला एक मिनिट लागलं, याचंच जास्त वाईट वाटतं. पॅनमधलं चौथं अक्षर धारकाची जात सांगतं: व्यक्तीला पी, कंपनीला सी, भागीदारी फर्मला एफ. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, आपल्याला 27, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅनच. म्हणून जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर आणि पॅनमधलं चौथं एकच असायला हवं. त्या नोंदीत एका ओळीत सी होता आणि खालच्या ओळीत पी. मी बोट ठेवून दाखवलं तेव्हा मालक बराच वेळ कागदाकडे बघत राहिले.

दुसरं पत्र मी स्वतः लिहिलं. विषयातच नव्या व्हेंडर कोडची मागणी केली. मजकुरात लिहिलं की 30 जूनपर्यंतची बिलं जुन्या कोडवर, जुन्या खात्यात द्यावीत. 1 जुलैपासूनचा पुरवठादार ही नवी कंपनी आहे. अपुऱ्या राहिलेल्या पीओ रद्द करून नव्या नावाने काढाव्यात. गिऱ्हाइकाची जी फिक्स्चर आणि गेज आमच्या शेडमध्ये आहेत त्यांची यादी सोबत आहे, त्यांची जबाबदारी आता कंपनीची. उद्यम नोंदणीही कंपनीची नव्याने काढून जोडली. जुनी मालकाच्या पॅनवर होती, ती चालली नसती. त्या दाखल्यावर पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे मिळण्याचा हक्क अवलंबून असतो, आणि 2023 च्या दुरुस्तीनंतर गिऱ्हाइकांचे अकाउंटवालेही तो दाखला स्वतःहून मागतात. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीबाहेर थकवले, तर प्रत्यक्ष देईपर्यंत गिऱ्हाइकाला तो खर्च करातून वजा मिळत नाही.

पेमेंट सुटलं. चुकीच्या पॅनवर गेलेला टीडीएस मात्र कापणाऱ्या कंपनीनेच आपलं तिमाही विवरणपत्र दुरुस्त करून हलवावा लागतो. आपण फक्त मेल करत राहायचं. ते अजून चालू आहे.

पण मला टोचतं ते वेगळंच. नवा कोड मिळाला आणि जुन्या कोडबरोबर चौदा वर्षांचं रेटिंग गेलं. नव्या पुरवठादाराकडून तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. या कंपनीला तीन महिनेही झाले नव्हते. "मॅडम, माणूस तोच, यंत्र तेच, मग मी नवा कसा?" त्यांनी विचारलं. कायद्याचं उत्तर मला पाठ आहे. ते मी दिलंही, पण देताना आवाजात जोर नव्हता. आता अशा प्रत्येक पत्रात मी एक परिच्छेद जास्तीचा घालते: जुना कोड, किती वर्षांचा पुरवठा, गेल्या वर्षीचं रिजेक्शन किती, आणि हे रेकॉर्ड नव्या कोडला जोडावं अशी विनंती. काही कंपन्या जोडतात.

यांच्या गिऱ्हाइकाने जोडलं नाही. ऑक्टोबरमध्ये नव्या पुरवठादाराच्या तपासणीला दोघं जण आले. त्यांतल्या एकाने सहा वर्षांपूर्वी याच शेडमधलं व्हीएमसी पास केलं होतं. त्याने मालकांना ओळखलं, चहा घेतला, आणि तक्त्यावर पहिल्या रकान्यापासून सगळं पुन्हा लिहायला घेतलं.