जर-तर, इफ आणि रशियन ‘बी’



मी संध्याकाळच्या वर्गात रशियन शिकवते. वर्गात बहुतेक मुलं मराठी माध्यमातली किंवा निदान घरी मराठी बोलणारी. रशियन शिकायला येताना ती इंग्रजीच्या काठीचा आधार घेऊन येतात. पुस्तकं इंग्रजीतून, शब्दकोश इंग्रजीतून, भाषांतराचा सराव इंग्रजीतून रशियनमध्ये. या काठीचा एरवी फायदाच होतो; पण संकेतार्थ, म्हणजे जर-तरची वाक्यं आली की हीच काठी पायात येते. आणि गंमत म्हणजे तिथे आपली मराठीच जास्त उपयोगी पडते, एक जागा सोडून. ती जागा कुठली, तेच आज सांगायचं आहे.

आधी उच्चाराबद्दल. रशियन संकेतार्थाचा सगळा भार एका छोट्या शब्दावर असतो. तो मी इथे ‘बी’ असा लिहिते आहे. त्यातली ई मात्र आपली नाही. जीभ थोडी मागे ओढून म्हणायची. या ‘बी’ला स्वतःचा असा अर्थ नाही. तो क्रियापदाच्या भूतकाळी रूपाबरोबर येतो आणि सांगतो, ‘हे घडलेलं नाही, फक्त मनातलं आहे.’ ‘या प्रिशोल’ म्हणजे मी आलो. ‘या बी प्रिशोल’ म्हणजे मी आलो असतो. मुलगी बोलत असेल तर ‘या बी प्रिश्ला’, मी आले असते. अनेकजण असतील तर ‘प्रिश्ली’. लिंग-वचनाप्रमाणे रूप बदलणं मराठी मुलांना शिकवावंच लागत नाही. ‘आलो असतो, आले असते’ त्यांच्या तोंडात असतंच. इंग्रजीतल्या ‘आय वुड कम’मध्ये बोलणारा मुलगा की मुलगी हे कळत नाही, त्यामुळे भाषांतर करताना आधी ‘कोण बोलतंय?’ हे विचारून घ्यायचं.

भूतकाळी रूप का, असं मुलं हमखास विचारतात. याचं उत्तर भाषेच्या इतिहासात आहे. ‘बी’ हे मुळात ‘असणे’ या क्रियापदाचंच जुनं रूप. पूर्वी ते पुरुष-वचनाप्रमाणे बदलत असे. नंतर एकच रूप उरलं आणि गोठलं. त्याच्या जोडीला येणारं ‘प्रिशोल’ हे तेव्हा धातुसाधित होतं. पुढे तेच रशियनचा भूतकाळ झालं. म्हणून संकेतार्थात ते दिसतं भूतकाळासारखं, पण काळ सांगत नाही. आपल्या ‘आलो असतो’मधलं ‘असतो’ही ‘असणे’चंच की! हे सांगितलं की वर्गात निम्मं काम होतं.

आता काळाचा मुद्दा. इंग्रजीत मुलांनी दोन वेगळे साचे घोकलेले असतात: ‘इफ आय हॅड टाइम, आय वुड कम’ आणि ‘इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव कम’. पहिला आत्ताचा, दुसरा होऊन गेलेल्या गोष्टीचा. रशियनमध्ये दोन्हींना एकच वाक्य: ‘येस्ली बी उ मिन्या बीला व्रेम्या, या बी प्रिशोल.’ मुलं अस्वस्थ होतात, ‘बाई, मग कळणार कसं?’ मी म्हणते, मराठीत सांगा. ‘वेळ असता तर आलो असतो.’ हे आजचं की कालचं? दोन्ही होऊ शकतं. आपण ‘आत्ता’ किंवा ‘काल’ घालून मोकळे होतो. रशियन माणूसही तसंच करतो: ‘सिच्यास’ म्हणजे आत्ता, ‘फ्चिरा’ म्हणजे काल. इंग्रजी वाक्यातला काळ सुटू द्यायचा नसेल तर असा एक शब्द घालावा.

याच वाक्यात आणखी एक गोष्ट बघा. ‘बी’ दोनदा आला आहे, जरच्या भागात एकदा आणि तरच्या भागात एकदा. इंग्रजीत ‘वुड’ फक्त तरच्या भागात असतो, म्हणून मुलं जरच्या भागातला ‘बी’ गाळतात. रशियनमध्ये दोन्हीकडे हवा. जरच्या भागात तो ‘येस्ली’ला लगेच चिकटून येतो, तरच्या भागात कर्त्यानंतर किंवा क्रियापदानंतर. वाक्याची सुरुवात त्याच्यापासून कधी होत नाही, आणि वर्तमान किंवा भविष्यकाळी रूपाशी तो कधी बसत नाही.

एवढं होईपर्यंत मराठी आपल्या बाजूनं असते. आता ती उलटते. ‘उद्या पाऊस पडला तर मी येणार नाही.’ पाऊस उद्याचा, क्रियापद मात्र ‘पडला’! खऱ्या, घडू शकणाऱ्या अटीसाठी मराठी सर्रास हे रूप वापरते. इंग्रजी तिथे वर्तमानकाळ वापरते, ‘इफ इट रेन्स’. रशियन सरळ भविष्यकाळ वापरते: ‘येस्ली झाफ्त्रा पाय्द्योत दोश्त, या न्ये प्रिदू’, शब्दशः ‘जर उद्या पाऊस पडेल, मी येणार नाही’. एकाच पावसासाठी तीन भाषांत तीन काळ.

हे नुसतं परीक्षेच्या गुणांपुरतं नसतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीला रशियात वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. व्हिसा उशिरा आला, ऑगस्ट उजाडला, वसतिगृहातली जागा अजून पक्की नव्हती. वडिलांनी इंग्रजीत पत्र लिहिलं आणि मुलीनं त्याचं रशियन केलं. पाठवण्याआधी ती मला दाखवायला आली. पत्रातली तीन वाक्यं इथे घेते.

पहिलं असं: ‘१ सप्टेंबरपर्यंत पैसे पाठवले तर मुलीला वसतिगृहात जागा मिळेल का?’ वडिलांचं इंग्रजी बरोबर होतं, ‘इफ वुई सेंड’. मुलीच्या मनात मात्र मराठी वाक्य होतं, ‘पाठवले तर’, म्हणून तिनं लिहिलं ‘येस्ली मी पिरिविली द्येंगी’. (रशियन ‘मी’ म्हणजे आपलं ‘आम्ही’, हे मराठी डोळ्यांना आणखी एक कोडं.) व्याकरणात हे वाक्य चुकीचं नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. वाचणाऱ्याला त्याचा अर्थ ‘आम्ही पैसे पाठवलेले असतील तर’ असा लागू शकतो. म्हणजे तिकडचा कारकून खात्यात पैसे शोधत बसणार, ते सापडणार नाहीत, मग उलट पत्र येणार. जागा भरत असताना असे चार दिवस कोणाला परवडणार?

मी तिला विचारलं, ‘पैसे पाठवलेत का?’ ती म्हणाली, ‘नाही, पाठवणार आहोत.’ ‘मग बी लावू का?’ असं तिनंच लगेच पुढे विचारलं. पण ‘येस्ली बी मी पिरिविली’ म्हटलं की ‘पाठवले असते तर’ किंवा फार तर ‘समजा पाठवायचं ठरवलंच तर’ असा सूर येतो. पहिल्या अर्थानं संधी गेलेली, दुसऱ्या अर्थानं पाठवणाऱ्याचाच निश्चय डळमळीत. इथे हवा होता साधा भविष्यकाळ, ‘बी’शिवाय: ‘येस्ली मी पिरिविद्योम द्येंगी’. एका रूपाच्या फरकानं अर्थ स्वच्छ झाला.

दुसरं वाक्य: ‘व्हिसा जुलैत मिळाला असता तर आम्ही पैसे आधीच पाठवले असते.’ हे घडलेलं नाही, म्हणून दोन्हीकडे ‘बी’: ‘येस्ली बी वीझू दाली व इयूल्ये, मी बी पिरिविली द्येंगी रान्शे.’ हे तिनं अचूक लिहिलं होतं. मराठी तिच्या बाजूनं होती ना!

तिसरं वाक्य: ‘दोघींची खोली आहे का ते कृपया कळवा.’ इंग्रजीत ‘प्लीज टेल अस इफ देअर इज अ रूम’. ‘इफ’ दिसला की मुलं ‘येस्ली’ लिहितात. पण ही अट नव्हे, हा प्रश्न आहे. रशियनमध्ये इथे ‘ली’ येतो, तोही ज्या शब्दाबद्दल शंका आहे त्याच्या मागोमाग: ‘येस्त ली कामनाता ना द्वाइख’. ओळखायची खूण मराठीतच आहे. ‘इफ’च्या जागी ‘जर’ न बसता ‘का’ किंवा ‘की नाही’ बसलं, तर ‘ली’.

‘वुड’चंही तसंच. प्रत्येक ‘वुड’ म्हणजे ‘बी’ नव्हे. ‘ही सेड ही वुड कम’ म्हणजे ‘तो म्हणाला, मी येईन’. रशियन इथे मराठीसारखंच मूळ बोलण्यातला काळ ठेवते: ‘ओन स्काझाल, श्तो प्रिद्योत’, म्हणजे ‘येईल’. इथे ‘प्रिशोल बी’ लिहिलं तर अर्थ होतो ‘आलो असतो म्हणाला’, आणि तुम्ही ज्याची वाट बघताय तो येणारच नाही असं वाटू लागतं. उलट ‘वुई वुड लाइक टू नो’ या नम्र वाक्यात अट कुठेच नाही, तरी ‘बी’ येतो: ‘मी खातेली बी उझ्नात’. त्यानं विनंतीची धार कमी होते. आणि ‘तुझ्या जागी मी असते तर’ याला रशियनमध्येही ‘तुझ्या जागी’च म्हणतात, ‘ना त्वायोम म्येस्त्ये या बी…’.

सगळ्यात फसवं वाक्य मी शेवटी देते: ‘इफ ही हॅड मनी’. एवढ्यावर भाषांतर करता येत नाही. पुढे ‘ही बॉट अ टिकिट’ असेल तर ती खरी अट, आपल्याला फक्त माहीत नाही: ‘पैसे असतील तर त्यानं तिकीट घेतलं.’ रशियन: ‘येस्ली उ निवो बीली द्येंगी, ओन कुपील बिल्येत.’ पुढे ‘ही वुड बाय’ असेल तर ‘पैसे असते तर घेतलं असतं’: ‘येस्ली बी उ निवो बीली द्येंगी, ओन बी कुपील बिल्येत.’ दोन्ही रशियन वाक्यं शेजारी ठेवून बघा. फरक फक्त दोन ‘बीं’चा आहे, बाकी अक्षर न् अक्षर तेच. (त्यातलं ‘बीली’ हे मात्र ‘होते’चं रूप, त्याची गल्लत करू नका.)

वर्गात मी आता एकच कसोटी देते. इंग्रजी वाक्य आधी मनात मराठीत म्हणा आणि त्याच्यापुढे ‘पण तसं नाही’ किंवा ‘पण तसं झालं नाही’ जोडून बघा. ‘व्हिसा मिळाला असता तर पाठवले असते, पण तसं झालं नाही’, चपखल बसलं, दोन ‘बी’ लिहा. ‘पाऊस पडला तर येणार नाही, पण तसं झालं नाही’, बसत नाही, ‘बी’ नको. मग अट पुढची आहे का पाहा आणि भविष्यकाळ घाला. ही कसोटी एका ठिकाणी अपुरी पडते. ‘इफ यू केम टुमॉरो’ असं कोणी अदबीनं किंवा फारशी आशा न धरता म्हटलं, तर गोष्ट उद्याची असूनही रशियनमध्ये ‘बी’ चालतो. तिथे बोलणाऱ्याला कितपत खात्री आहे, हे संदर्भावरूनच ठरवावं लागतं.

घरी सरावासाठी ही चार वाक्यं मुलांना द्या आणि रशियन लिहिण्याआधी फक्त एवढंच विचारा: बी, ली, की दोन्ही नाही?

१. इफ शी कॉल्स, आय विल टेल हर.
२. इफ शी हॅड कॉल्ड, आय वुड हॅव टोल्ड हर.
३. आय डोन्ट नो इफ शी कॉल्ड.
४. शी सेड शी वुड कॉल.

उत्तरं क्रमानं: दोन्ही नाही, दोन्हीकडे बी, ली, दोन्ही नाही. पहिल्यात जरच्या भागात ‘फोन करेल’ असा भविष्यकाळ आला आहे ना, तेवढं तपासून घ्या. मराठी मुलं अडतात ती तिथेच.