सहा, दोन, दहा

आमच्या घरात तीन वेळा घड्याळ वाजते: पहाटे सहाला, दुपारी दोनला आणि रात्री दहाला. बांधीत रोवणा सुरू असो की घरी सोयरे आलेले असोत, त्या तीन वेळा चुकत नाहीत. नातवाच्या औषधाच्या आहेत त्या.

लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. गाव लाखांदूर तालुक्यातले, भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे. मुलगा झाला, दोन किलो नऊशे ग्रॅमचा, रडका आणि धडधाकट. दहाव्या दिवसानंतर मात्र तो दूध ओढेनासा झाला. पाजले की ओकायचा. बुडी म्हणाली, "पोरगा दूध पेते अन् सारं ओकून टाकते. अंगावरचं मास गरून रायलं. कोनाची नजर लागली, बाप्पा?" मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली. जवळच्या एका दवाखान्यात पोटात गॅस झाला म्हणून थेंब मिळाले. मी आयुष्यभर पोरांना शिकवले, पण बाळाच्या अंडाचा रंग काळपट पडतो आहे हे दिसूनही मला त्याचे काही वाटले नाही. सोळाव्या दिवशी तो हाक मारली तरी डोळा उघडेना, तेव्हा नागपूर गाठले.

तिथे रक्त तपासले. सोडियम ११८, पोटॅशियम सात पॉइंट चार. बाळाला साधारण १३५च्या वर सोडियम लागते. डॉक्टरीण बाईंनी बाळाच्या रंगाकडे आणि त्या आकड्यांकडे पाहून लगेच सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन सुरू केले. पुढचा रिपोर्ट यायची वाट पाहिली नाही. दोन दिवसांनी पोर आईला चिकटले.

नंतर त्यांनी आम्हाला बसवून सांगितले. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. तिथे कॉर्टिसॉल आणि शरीरात मीठ धरून ठेवणारे अल्डोस्टेरॉन तयार होते. ते बनवणारे एक विकर या बाळात जन्मतः नाही. त्यामुळे मीठ लघवीवाटे वाहून जाते. मेंदू "आणखी बनव, आणखी बनव" असा हुकूम सोडत राहतो, ग्रंथी फुगते आणि भलतेच, पुरुषी हार्मोन जास्त बनवते. मुलगी असली तर जन्मताच जननेंद्रिय वेगळे दिसते आणि संशय येतो. मुलात काही दिसत नाही, म्हणून असे मुलगे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अचानक जातात. मुंबईसह देशातल्या पाच शहरांत लाखाहून अधिक नवजात बाळांचे रक्त तपासले, तेव्हा ५,७६२ बाळांत एक असे निघाले. आई-बाप दोघांकडूनही तो दोष यावा लागतो, ते स्वतः मात्र ठणठणीत असतात.

औषध जन्मभर. हायड्रोकॉर्टिसोन, सोबत फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी आणि पहिल्या वर्षी दुधातून मोजून मीठ. अडचण एकच होती. बाळाला दिवसाला तीन मिलिग्रॅम हवे आणि आमच्या हाती पाच मिलिग्रॅमची गोळी.

"तीनच का?" मी विचारले. मास्तरकी सुटत नाही.

बाई म्हणाल्या, "गुरुजी, हे औषध वजनावर नाही, अंगाला लागणाऱ्या कापडावर मोजायचं." मला ते लगेच उमगले. सेंटिमीटरमधली लांबी गुणिले किलोतले वजन, भागिले ३६००, आणि त्याचे वर्गमूळ. दोन महिन्यांचा नातू ५४ सेंटिमीटर आणि चार किलो होता. गुणाकार २१६, भागिले ३६०० म्हणजे शून्य पॉइंट शून्य सहा. त्याचे वर्गमूळ सुमारे पाव चौरस मीटर. दर चौरस मीटरला दिवसाला दहा ते पंधरा मिलिग्रॅम द्यायचे असतात. बाईंनी बारा धरले होते, म्हणून तीन. एकेका वेळी एक.

एकदम का नाही, तर हे औषध रक्तात फार वेळ टिकत नाही. सहा-आठ तासांत असर ओसरतो आणि मेंदू पुन्हा हुकूम सोडू लागतो. तीन वाटण्या केल्या की तो गप्प राहतो.

पाच मिलिग्रॅमची गोळी चुरायची, पाच मिली पाण्यात घालायची, एक मिली सिरिंजने काढून गालाच्या कडेला सोडायची, उरलेले फेकायचे. ऐकायला सोपे. बुडीला मात्र फेकणे जिवावर यायचे. "एवढं महागाचं औषध, फेकून कायले द्याचं?" म्हणून ती सकाळचेच पाणी दुपारी आणि रात्री वापरायची. दोन आठवड्यांनी बाळ किरकिरे झाले, वजन थांबले, रंग पुन्हा काळपट. एकदा मी वाटी उजेडात धरली तर पांढरा गाळ तळाशी बसलेला. हे औषध पाण्यात नीट विरघळत नाही. वरचे पाणी काढले तर औषध कमी, तळाचे काढले तर जास्त. त्या दिवसापासून दर वेळी नवी गोळी, आणि ढवळता ढवळताच सिरिंज भरायची.

जावयाच्या घरून निरोप आला, "स्टेरॉइड आहे, पोरगा खुजा राहील, बंद करा." भीती अगदीच खोटी नव्हती. गरजेपेक्षा जास्त झाले तर बाळ गुबगुबीत होते आणि लांबी थांबते. कमी पडले तर पुरुषी हार्मोन वाढते आणि ओकाऱ्या परत येतात. म्हणून वहीत दर महिन्याला लांबी आणि वजन लिहितो आणि वही डॉक्टरांना दाखवतो. डोस तेच बदलतात. पण बंद करणे म्हणजे बाळाच्या अंगात नसलेली वस्तू काढून घेणे, हे मी जावयाला वही पुढे ठेवून समजावले.

खरी परीक्षा सहाव्या महिन्यात झाली. आषाढ, रोवण्याचे दिवस, रात्रभर पाऊस. पोरगा तापला, १०३. कार्डावर लिहिले होते: ताप १००.४ वर गेला तर डोस दुप्पट, १०२.२ वर गेला तर तिप्पट. निरोगी शरीर तापात कॉर्टिसॉल आपोआप वाढवते, याचे वाढत नाही. तिप्पट दिले, वीस मिनिटांत ओकला. पुन्हा दिले, पुन्हा ओकला. लेक रडत म्हणाली, "बाबा, आता?"

कार्डाची पुढची ओळ तोंडपाठ होती. १०० मिलिग्रॅमची कुपी, दोन मिली पाणी, त्यातले अर्धा मिली मांडीत. हात थरथरत होता. सुई टोचली, मग गाडी काढली. नाल्याला पाणी होते, तासभर थांबावे लागले. तालुक्याला पोचलो तेव्हा पोर डोळे उघडे ठेवून माझ्या बंडीच्या गुंडीशी खेळत होते.

आता तो वर्षाचा आहे. ७३ सेंटिमीटर, नऊ किलो. वजन दुपटीहून जास्त झाले, पण डोस तीनाचा पाचच. सकाळी दोन, मग दीड-दीड.

माझ्या आईचे माझ्याआधीचे दोन मुलगे तिसऱ्याच आठवड्यात गेले. "दूध पेत नव्हते," एवढेच ती सांगायची. त्यांना काय झाले होते ते आता कळायचे नाही. दहा वाजले. बुडी गोळी चुरून राहिली आहे.