बाकी लिहून दाखवा

आर्यभटीयातल्या कालगणनेतून दोन भलेमोठे आकडे मिळतात. एका महायुगात सूर्याच्या ४३,२०,००० फेऱ्या होतात, आणि तेवढ्याच काळात सूर्योदय ते सूर्योदय असे मोजलेले १,५७,७९,१७,५०० दिवस जातात. इसवी सन ४९९ च्या सुमारास मांडलेले हे आकडे जसेच्या तसे घेऊन रोजचे गणित करणे कुणालाही जड गेले असते. म्हणून गणकांनी आधी एकच प्रश्न विचारला: वर्षेही पूर्ण आणि दिवसही पूर्ण, असा सर्वांत लहान काळ कोणता? तो काढायचा तर दोन्ही आकड्यांचा मसावि हवा.

शाळेत मसाविच्या दोन रीती शिकवतात. एक अवयव पाडण्याची, दुसरी भागाकाराची. विद्यार्थ्यांना पहिली जवळची वाटते आणि लहान संख्यांना ती पुरतेही. प्रस्तुत लेखकाचा ओढा मात्र दुसरीकडे आहे, कारण तिच्यात अंदाजाला जागाच नसते. मोठ्याला लहानाने भागायचे, बाकी लिहायची. मग आधीच्या भाजकाला त्या बाकीने भागायचे, नवी बाकी लिहायची. बाकी शून्य आली की शेवटचा भाजक हा मसावि. अट एवढीच की प्रत्येक बाकी कागदावर दिसली पाहिजे.

युगाचे आकडे घेऊन ही मांडणी अशी होते:

१,५७,७९,१७,५०० = ४३,२०,००० × ३६५ + ११,१७,५००
४३,२०,००० = ११,१७,५०० × ३ + ९,६७,५००
११,१७,५०० = ९,६७,५०० × १ + १,५०,०००
९,६७,५०० = १,५०,००० × ६ + ६७,५००
१,५०,००० = ६७,५०० × २ + १५,०००
६७,५०० = १५,००० × ४ + ७,५००
१५,००० = ७,५०० × २ + ०

सात भागाकारांत काम झाले. मसावि ७,५००. त्याने भागले की ४३,२०,००० चे ५७६ होतात आणि दिवसांचे २,१०,३८९. म्हणजे ५७६ वर्षांत बरोबर २,१०,३८९ दिवस, आणि असे ७,५०० फेरे मिळून एक महायुग. सातव्या शतकात आर्यभटीयावर भाष्य लिहिणारा पहिला भास्कर सूर्याच्या गणितासाठी हेच लहान आकडे वापरतो. मसाविने भागून उरलेल्या अशा संख्यांना आपले जुने गणिती ‘दृढ’ म्हणत. त्या आणखी लहान होऊ शकत नाहीत.

हे चालते कसे, ते पहिल्या ओळीतच दिसते. समजा एखादी संख्या दिवसांना आणि फेऱ्यांना, दोघांनाही निःशेष भागते. मग ती फेऱ्यांच्या ३६५ पटीलाही भागेल, आणि दिवसांतून ती पट वजा करून उरलेल्या ११,१७,५०० लाही भागेल. उलट बाजूने, जी संख्या ४३,२०,००० ला आणि ११,१७,५०० ला भागते ती दिवसांच्या आकड्यालाही भागणारच. म्हणजे पहिल्या जोडीचे सगळे सामाईक विभाजक दुसऱ्या जोडीत जसेच्या तसे उतरले. एक गळला नाही, एक नवा शिरला नाही. आकडे आटत गेले तरी मसावि तोच राहिला. शेवटच्या ओळीत ७,५०० ने १५,००० ला पूर्ण भाग जातो, तेव्हा त्या जोडीचा मसावि ७,५०० असणार हे उघडच आहे, आणि तोच वर पहिल्या ओळीपर्यंत लागू पडतो.

आता चुकीकडे वळू, कारण बाकी लिहून दाखवण्याचा आग्रह खरा तिथे कळतो. समजा दुसऱ्या ओळीत वजाबाकी करताना हातचा बिघडला आणि ९,६७,५०० ऐवजी ९,५७,५०० लिहिले गेले. पुढचे सगळे भागाकार निर्दोष केले तर बाक्या येतात १,६०,०००, मग १,५७,५००, मग २,५००, आणि शेवटी शून्य. उत्तर २,५००. आता कुणी पडताळा घ्यायचा म्हणून २,५०० ने मूळ संख्यांना भागून पाहील, तर दोन्हींना नेमका भाग जातो! एकीचे १,७२८ होतात, दुसरीचे ६,३१,१६७. पडताळा पार पडतो आणि चुकीचे उत्तर बरोबर म्हणून वहीत बसते.

हा योगायोग नाही. वजाबाकीत चूक झाली ती १०,००० ची. २,५०० ही संख्या खऱ्या मसाविलाही भागते आणि त्या १०,००० लाही, म्हणून चुकलेल्या बाकीतही ती शाबूत राहिली आणि खालपर्यंत आली. खऱ्या उत्तरातला ३ मात्र त्या एका वजाबाकीत हरवला. ‘उत्तराने दोन्हींना भाग जातो’ एवढ्याने ते साधारण विभाजक आहे हे ठरते. महत्तम आहे की नाही, हे ठरत नाही. त्यासाठी भागून आलेल्या संख्यांकडे पाहावे लागते. १,७२८ च्या अंकांची बेरीज १८, ६,३१,१६७ च्या अंकांची २४. दोन्हींना अजून ३ ने भाग जातो, म्हणजे त्या दृढ नाहीत आणि वर कुठेतरी घोळ आहे.

घोळ आहे हे कळले, तरी कुठे आहे ते सांगतात फक्त बाक्या. प्रत्येक ओळीला नवाचा ताळा लावायचा. ४३,२०,००० च्या अंकांची बेरीज ९, म्हणजे ताळा शून्य. ११,१७,५०० ची बेरीज १५, ताळा ६. त्याची तिप्पट १८, पुन्हा शून्य. तेव्हा बाकीचा ताळाही शून्यच यायला हवा. ९,६७,५०० ची बेरीज २७, ठीक. ९,५७,५०० ची बेरीज २६, ताळा ८. चूक तिथल्या तिथे सापडली, पुढचे भागाकार वाचले. ज्याने बाक्या कच्च्या कागदावर करून फेकून दिल्या आणि वहीत नुसते उत्तर उतरवले, त्याला मात्र सगळे पहिल्यापासून करावे लागते. या ताळ्यालाही मर्यादा आहे: अंकांची अदलाबदल त्याला दिसत नाही. कुणी ९,६७,५०० चे ९,७६,५०० लिहिले तर बेरीज २७ च राहते आणि ताळा जुळतो.

त्यावरचा उपाय भागाकारांच्या रांगेत आहे. बहुतेक जण ही रांग मसावि सापडला की विसरतात, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या रीतीतले सर्वांत मोलाचे तेच आहे. ३६५, ३, १, ६, २, ४, २. आपल्या कुट्टक-गणितात हे आकडे एकाखाली एक लिहीत आणि त्या उभ्या ओळीला वल्ली म्हणत. पहिला ३६५ बाजूला ठेवा, १ पासून सुरुवात करा आणि प्रत्येक वेळी वल्लीतल्या आकड्याने आपल्या हातच्या संख्येला गुणून त्यात तिच्या आधीची संख्या मिळवा. एकाच्या आधी काही नाही, म्हणून तिथे शून्य. ३ × १ + ० = ३. मग १ × ३ + १ = ४. मग ६ × ४ + ३ = २७. पुढे ५८, २५९, आणि शेवटी २ × २५९ + ५८ = ५७६. मसाविने भागून आलेला आकडा वल्लीतून पुन्हा उभा राहिला. पहिल्या ओळीनंतरचे सहाही भागाकार बरोबर असल्याशिवाय असा मेळ बसणे फार कठीण. चुकलेल्या गणिताची वल्ली ३६५, ३, १, ५, १, ६३ अशी होती. तिच्यातून १, ३, ४, २३, २७ करत शेवटी १,७२४ येतात, हवे होते १,७२८. चूक लपायला जागा उरत नाही.

मधल्या आकड्यांनाही अर्थ आहे. २,१०,३८९ दिवसांना ५७६ वर्षांनी भागले की ३६५ दिवस आणि वर एका दिवसाचा १४९/५७६ भाग येतो. तासांत ६ तास १२ मिनिटे ३० सेकंद, घटींत १५ घटी ३१ पळे १५ विपळे. आजच्या मापनाने नाक्षत्र वर्षाचा वरचा भाग ६ तास ९ मिनिटे १० सेकंद आहे, म्हणजे फरक साधारण साडेतीन मिनिटांच्या आत. हाच अपूर्णांक वल्ली टप्प्याटप्प्याने गाठते: आधी तीन वर्षांत एक जादा दिवस, मग चार वर्षांत एक, मग सत्तावीस वर्षांत सात, मग अठ्ठावन्न वर्षांत पंधरा. चार वर्षांनी एक दिवस वाढवण्याचा आपला लीप वर्षाचा ठोकळा या रांगेत दुसऱ्याच पायरीला उभा आहे.

ग्रीक गणिती युक्लिडने ही रीत इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात वजाबाकीच्या भाषेत मांडली: मोठ्यातून लहान पुन्हा पुन्हा वजा करत जा. तसे केले असते तर आपल्याला नुसत्या पहिल्या ओळीसाठी ३६५ वजाबाक्या कराव्या लागल्या असत्या. भागाकार ते एका फटक्यात करतो. किती भागाकार लागतील याची वरची सीमा फ्रेंच गणिती लामे याने १८४४ मध्ये सिद्ध केली: लहान संख्येत जितके अंक, त्यांच्या पाचपटीपेक्षा जास्त कधीच नाहीत. आपल्या लहान संख्येत सात अंक होते, म्हणजे फार तर पस्तीस. सातातच सुटका झाली.

खरे सांगायचे तर सूर्याच्या जोडीत अवयव पाडूनही भागले असते. ४३,२०,००० हा आकडाच असा की त्यात २, ३ आणि ५ सोडून दुसरा मूळ अवयव नाही. चंद्राची जोडी तशी नाही. आर्यभटाच्या युगात चंद्राच्या फेऱ्या ५,७७,५३,३३६ आणि दिवस तेच १,५७,७९,१७,५००. या दोघांच्या मसाविमध्ये ६१ हा अवयव दडलेला आहे, आणि अवयव पाडत बसणारा ६१ ला कधी पोचेल ते सांगता येत नाही. भागाकाराच्या रीतीला ६१ ची आठवणसुद्धा काढावी लागत नाही. वाचकांनी कागद घेऊन हे एकदा करून पाहावे. पहिला भागाकार २७ येतो आणि पहिली बाकी १,८५,७७,४२८. प्रत्येक बाकी लिहा, ओळीगणिक ताळा पाहा. अकराव्या भागाकाराला शून्य आले आणि त्याच्या आधीची बाकी ७३२ निघाली, तर गणित बरोबर आहे.