पारण्याचा उसाचा रस: लिंबू काय करतं, आलं काय करतं



अक्षय तृतीया जवळ आली की ज्या घरी वर्षीतप असतं, तिथे रसाची चर्चा सुरू होते. रस कुठून आणायचा, किती वाजता आणायचा, किती लिटर. श्रेयांसकुमारांनी भगवान ऋषभदेवांना इक्षुरस वहोरवला, म्हणून आपल्या तपस्वींचं पारणंही त्यानेच होतं. पण हस्तिनापुरात रसाचे घडे समोर भरलेले होते. आपल्याकडे पारणं असतं सकाळी अकराला आणि रस येतो सहाला, प्लास्टिकच्या ड्रममधून, टेम्पोत हिंदकळत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या एका पारण्याला असंच झालं. रस दिसायला सुंदर होता, हिरवट-पिवळा, मुळीच काळपट नाही. तपस्वी मावशींनी छोट्या कलशातून तीन-चार घोट घेतले आणि त्या थांबल्या. म्हणाल्या, "यात आलं आहे." तेरा महिन्यांच्या तपानंतर पहिला घोट कंदमुळाचा. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मी विसरले नाही. बाकीचा रस पाहुण्यांना दिला आणि दुपारी तीन-चार जणांची पोटं बिघडली. रसवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "आलं-लिंबू घातलं नसतं तर काळा पडला असता ना!"

मागच्या वर्षी माझ्या मोठ्या जाऊबाईंचं वर्षीतप होतं. तेव्हा मी ठरवलं की रस काळा का पडतो आणि आंबट का होतो, हे आधी नीट समजून घ्यायचं. समजल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही की या दोन वेगवेगळ्या भानगडी आहेत. आपण त्या एक समजतो, आणि तिथेच फसतो.

काळं पडणं आधी घेऊ. सफरचंद चिरून ठेवलं की तपकिरी होतं, तसंच हे आहे. उसात काही तुरट द्रव्यं असतात आणि एक एन्झाईम असतं, ज्याला आपण शाळेत विकर म्हणायचो. अखंड कांड्यात ही दोन्ही पेशीच्या वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, त्यामुळे त्यांची गाठ पडत नाही. चरकात ऊस चिरडला की सगळे कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि वरून हवा मिळते. मग ते विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने त्या तुरट द्रव्यांचा तपकिरी रंग बनवतं. म्हणून रस आधी वरच्या थरात काळवंडतो, जिथे हवा लागते. चरकाचे रूळ लोखंडी आणि गंजके असतील तर आणखी लवकर, कारण लोखंड आणि तुरटपणा एकत्र आला की काळा रंग धरतो. लोखंडी तव्यावर आवळा ठेवला की काय होतं ते आठवा. यात जंतूंचा काही संबंध नाही. नुसता काळपट झालेला ताजा रस दिसायला वाईट असतो, नासलेला असतोच असं नाही.

आंबणं मात्र जिवांचं काम आहे. उसाच्या सालीवर, पेरांतल्या मातीत, कापलेल्या टोकाला, चरकाच्या फटीत अडकलेल्या कालच्या चिपाडात सूक्ष्म जीव असतातच. रस म्हणजे त्यांच्यासाठी गोड, पातळ, कोमट अन्न. एक जात साखरेपासून आम्ल बनवते आणि बरोबर एक चिकट पदार्थही सोडते, त्यामुळे असा रस बोटाला बुळबुळीत लागतो आणि ओतताना तार धरतो. दुसरी जात म्हणजे यीस्ट, जी साखरेचं अल्कोहोल आणि वायू करते. तोच तो बारीक फेस आणि ताडीसारखा वास.

आता आपल्याकडचा चलित रसाचा नियम आठवा. वर्ण, गंध, रस, स्पर्श बदलला की पदार्थ अभक्ष्य. मला लहानपणी वाटायचं की एकच गोष्ट चार शब्दांत सांगितली आहे. उसाच्या रसात मात्र ही चारही लक्षणं वेगवेगळ्या कारणांनी आणि वेगवेगळ्या वेळी येतात. वर्ण हवेने जातो, स्पर्श एका जिवाने, गंध दुसऱ्याने.

मग लिंबू नेमकं काय करतं? ते विकराला थोपवतं. त्या विकराला काम करायला फारसा आंबट नसलेला रस लागतो. उसाचा रस मुळात जेमतेम आंबट असतो. त्यात लिंबू पडलं की विकर मंदावतं. शिवाय लिंबातलं क जीवनसत्त्व, तपकिरी होऊ घातलेल्या द्रव्यांना परत मूळ रूपात आणतं, निदान ते स्वतः संपेपर्यंत. पण रंग एकदा पक्का झाला की तो पूर्ण उतरत नाही. म्हणून लिंबू नंतर पिळून फारसा उपयोग नाही. ते पातेल्यात आधी असायला हवं आणि रस त्याच्यावर पडायला हवा. रसवंतीवाले उसाच्या दुमडलेल्या कांड्यात लिंबू खोचून चरकात घालतात ते याच न्यायाने बरोबर आहे, फक्त सालीचा कडवटपणा उतरतो आणि तासाभराने तो जाणवायला लागतो.

आंबण्यावर लिंबाचा उपाय अर्धाच चालतो. बुळबुळीत करणाऱ्या जातीला जास्त आंबटपणा सोसत नाही, ती मंदावते. यीस्टला मात्र लिंबाचं काही वाटत नाही. म्हणजे लिंबू घातलेला रस तार धरणार नाही, काळाही पडणार नाही, पण आतल्या आत फसफसू शकतो. आणि आंबट लागला तर आपण म्हणणार, लिंबाचाच असेल! वर्ण टिकला, रसाची चव लिंबाने झाकली, मग ओळखायला उरला फक्त गंध आणि फेस. आमच्या त्या पारण्यात हेच झालं असावं.

आल्याचं म्हणाल तर त्यातली तिखट द्रव्यं थोडा ऑक्सिजनचा मारा स्वतःवर घेतात आणि काही जंतूंना थोडं अडवतात, हे खरं आहे. पण ग्लासामागे बोटाच्या पेराएवढंही आलं पडत नाही. एवढ्याने रस दिवसभर टिकत नाही. आल्याचं मोठं काम चवीचं आहे, आणि त्या झणझणीत वासाखाली बिघडू लागलेला वासही झाकला जातो. त्यामुळे आपण आलं खात नाही म्हणून आपला रस टिकणार नाही, ही भीती मनातून काढून टाका.

जाऊबाईंच्या पारण्याआधी आठ दिवस मी घरी करून पाहिलं. एकाच मोळीचा रस चार काचेच्या बरण्यांत, एकेक लिटर. पहिलीत काहीच नाही. दुसरीत आधी दोन लिंबांचा रस, मग ऊस. तिसरीत सुंठीचा काढा: अर्धी वाटी पाण्यात पाव चमचा सुंठ उकळून, कापडातून गाळून, थंड करून. आमच्याकडे सुंठ चालते म्हणून. चौथीतला रस उकळी आणून, वरची मळी काढून, थंड केलेला. चारही बरण्या ओट्यावर ठेवल्या, नगरचा उन्हाळा, घरातच ३६ अंश.

वीस मिनिटांत पहिली बरणी वरून मळकट झाली, तासाभरात चहासारखी. सुंठीची तिच्या मागोमाग, जरा सावकाश, पण तिचा मूळ रंगच मातकट असल्याने सांगणं कठीण. लिंबाची दुपारपर्यंत जशीच्या तशी राहिली. चौथा तासही संपायच्या आत पहिलीला फेस आणि आंबूस वास आला. लिंबाच्या बरणीत मी सहाव्या तासाला डोकावले, रंग छान, आणि कडेने मोत्यांसारखे बारीक बुडबुडे वर येत होते. झाकण उघडताना हलका फुस्स आवाज. सासूबाईंनी वास घेतला आणि म्हणाल्या, "हे ओतून दे." उकळलेली बरणी संध्याकाळपर्यंत टिकली, कारण उष्णतेने विकरही निकामी होतं आणि जीवही जवळजवळ सगळे जातात. पण तिला काकवीचा वास येतो आणि ताज्या रसाची मजा जाते.

यावरून आम्ही काय केलं ते सांगते. रस बाहेरून आणलाच नाही. आदल्या संध्याकाळी पंचवीस किलो ऊस आणला, त्यातून साधारण बारा लिटर निघतो. प्रत्येक कांड्याची दोन्ही टोकं चार बोटं कापून टाकली, कारण जीव टोकातूनच आत शिरतात. आत लालसर रेघ किंवा आंबूस वास असलेली सहा कांडी सरळ गायीला दिली. साल तासली, धुतली, पुसली. एका ओळखीच्या रसवंतीवाल्या मामांचा स्टीलच्या रुळांचा हातचरक सकाळी दारातच आणवला आणि आधी त्यावर उकळतं पाणी दोनदा ओतलं. पहिला ग्लासभर रस फेकून दिला, चरकातलं उरलंसुरलं त्यात निघून जातं. दहा वाजता रस काढायला सुरुवात केली. पातेल्यात आधी लिंबू, तोंडाला दुहेरी सुती कापड. बर्फ रसात अजिबात नाही. पातेलं बर्फाच्या परातीत ठेवलं, कारण गारव्याने विकर आणि जीव दोन्ही मंदावतात, आणि बाहेरचा बर्फ कुठल्या पाण्याचा कोण सांगणार.

अकराला पारणं सुरू झालं. जाऊबाईंनी पहिला कलश तोंडाला लावला आणि डोळे मिटून थोडा वेळ तसाच धरला. माझा जीव वरखाली. मग म्हणाल्या, "लिंबू एक कमी चाललं असतं गं."

बारा वाजता पातेल्यात दीड लिटर उरला होता. रंग उत्तम होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, फ्रिजमध्ये ठेव, संध्याकाळी मुलं पितील. मी तो तिथेच वाटून संपवला.