वीस प्रश्न

आबा धाकट्या भावाकडे इंग्लंडला गेले, त्याला आता वर्ष होईल. दसऱ्याच्या सुमारास त्यांची चिठ्ठी आली: "रविवारी फोनवर नातवंडांशी खेळेन. उमरीच्या घरादारातले काहीतरी मनात धरीन. पोरांनी 20 प्रश्नांत ओळखावे. मी फक्त हो किंवा नाही म्हणेन." बीबीसी रेडिओवर हा खेळ 1947 पासून वर्षानुवर्षे चालला होता म्हणे.

पहिल्या रविवारी पोरांची फजिती झाली. "तांब्या का?", "पाटा का?" करता करता वीसही प्रश्न संपले. नाव विचारले की एकच वस्तू बाद होते. बाकी सारे घर जागच्या जागी! मग मी पाटी घेऊन बसलो. (मास्तराला दुसरे काय सुचणार?) प्रश्न असा हवा की उरलेल्यातले निम्मे एका दमात बाद व्हावे. असे नेमके जमले तर 7 प्रश्नांत शंभरातली एक वस्तू सापडते, आणि 20 प्रश्नांत दहा लाखांतली!

पुढच्या रविवारी थोरलीने फोन घेतला.

"सजीव आहे?" हो. "चालते-फिरते?" नाही. "माणसाहून उंच?" हो. "परसात आहे?" नाही. अंगणात झाडे दोनच, शेवगा आणि कडुनिंब. "फळ कडू?" हो.

"कडुनिंब!"

"शाबास! सहाव्यातच!"

थोरली माझ्याकडे पाहू लागली. वैशाखातल्या वावटळीत तो उन्मळून पडला होता. आबांना आम्ही कळवले नव्हते.

"उरलेले 14 आता मी विचारतो," आबा म्हणाले. "यंदा निंबोळ्यांचा सडा पडला का गं?"

तिने फोन माझ्या हाती दिला.