खणाखणाचं माप

पुरुषोत्तमनगर साखर कारखान्याभोवती वसलेलं, त्यामुळे चौकाची जुनी घरं पाहायची तर शहादा तालुक्यातल्या जुन्या गावठाणांत जावं लागतं. मध्ये चौक, भोवती ओसरी, सागाचा सांगाडा आणि खांबांच्या मधल्या भिंती विटा-मातीच्या. अशा घराचा दर्शनी भाग नव्याने करायचा ठरला की मालक आधी ‘थ्रीडी’ मागतात. काम झाल्यावर घर कसं दिसेल त्याचं चित्र करून देणं, हा माझा धंदा.

संगणक मी नंतर उघडतो, आधी टेप. ही घरं फुटांत नाही, खणांत बांधलेली असतात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. अलीकडच्या एका घराला समोरून पाच खण होते. खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मापं आली ती अशी : ५ फूट २ इंच, ५ फूट १ इंच, मधला ६ फूट, मग ५ फूट १ इंच आणि ५ फूट ३ इंच. एकूण २६ फूट ७ इंच. संगणकावर एक खांब काढून त्याच्या नकला सारख्या अंतरावर टाकणं एका मिनिटाचं काम. पण मग प्रत्येक खण साधारण ५ फूट ४ इंचांचा होतो. मधला आठ इंचांनी आक्रसतो, आणि मुख्य दरवाजा त्याच खणात असल्याने चौकट दोन्ही खांबांना भिडते. चित्र पाहणाऱ्याला चूक सापडत नाही, फक्त ‘हे आपलं घर वाटत नाही’ एवढं जाणवतं. म्हणून खांब मी एकेक करून, आपापल्या मापाने उभा करतो.

माप घेताना खांबाचं बूडही पाहून घ्यावं लागतं. दगडी तळखड्यावर टेकलेल्या टोकात ओल चढते. लाकडावर हातोडी हलकेच वाजवली की निरोगी साग खणखणतो, कुजलेला बद्द बोलतो. तिथे पेचकस टोचला तर सहज आत जातो. या घराच्या डावीकडच्या दुसऱ्या खांबाचं बूड असंच गेलेलं होतं. पूर्ण खांब बदलायची गरज नव्हती. कुजका भाग कापून तिथे जुन्या सागाचा तुकडा सांध्याने बसवायचा होता. तो सांधा मी चित्रातही दाखवला. झाकला असता, तर काम झाल्यावर मालकांना तो डागासारखा दिसला असता.

आता पाऊण इंचाची गोष्ट. मूळ घरात खांब आणि तुळया गिलाव्यापेक्षा तेवढ्या पुढे होत्या. तेवढ्या कडेने सावलीची बारीक रेघ पडते आणि सांगाडा भिंतीतून उठून दिसतो. भिंत आणि लाकूड एका पातळीत काढलं की त्याच लाकडाचे तपकिरी रंगाचे पट्टे होतात. शिवाय गवंडी चित्र बघूनच थापी चालवतो. सपाट दिसलं की तो सिमेंटचा गिलावा खांबावरूनच ओढून घेतो. मग आत गेलेली ओल बाहेर पडत नाही आणि लाकूड गुपचूप कुजत राहतं. चुन्याचा गिलावा ओल सोडतो, म्हणून चित्राशेजारी मी एक मोठा काटछेद देतो : खांब, पाऊण इंच, चुना.

ऊन मात्र फुकटचं मिळत नाही. घर उत्तराभिमुख होतं. आमच्या भागात अशा भिंतीवर दुपारचं ऊन मे-अखेर ते जुलैच्या मध्यापर्यंतच, तेही अगदी ओझरतं पडतं. बाजारातल्या बहुतेक चित्रांत मात्र उत्तरेची भिंत डिसेंबरातही सोन्यासारखी झळकते! मी सूर्य जागेवर ठेवला. चित्र जरा मलूल आलं, आलं तर आलं.

मालकांच्या मुलाने मोबाइलवर पुण्याच्या विश्रामबागवाड्याचा फोटो दाखवला. “भाऊ, असे सुरूचे खांब आणि असा सज्जा बसवा ना.” दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्याची ती ऐट त्या वाड्याच्या लांबीरुंदीला शोभते. साडेसव्वीस फुटांच्या, साध्या चौकोनी खांबांच्या घरावर सज्जा चढवला तर खालचे खण बुटके दिसणार. शिवाय जुन्या तुळयांना तो भार झेपतो का, हे आधी इंजिनिअरने सांगायला हवं. त्यांनी सज्ज्याचा नाद सोडला.

वाद पेटला तो जोत्यावरून. रस्त्यावर थरावर थर चढत गेले आणि जोतं जेमतेम फूटभर उरलं. भिंतीलगत थोडं खणलं तेव्हा खाली घडीव दगडाचे आणखी दोन थर मिळाले, म्हणजे घर मुळात बरंच उंच दिसत असणार. चित्रात जोतं वर ओढायला मला एक क्लिक पुरली असती आणि मालकही खूश झाले असते. पण रस्ता तर खाली जाणार नव्हता. शेवटी आजची पातळीच काढली. जोत्यापुढे दीड फूट रुंदीची पट्टी जुन्या थरापर्यंत मोकळी करून तिथे फरशीची गटार दाखवली, पाणी पुढच्या नाल्यात जाईल एवढा उतार देऊन. त्यामुळे खालचे दगड पुन्हा उघडे पडतात आणि तळखड्यांकडे चढणारी ओलही कमी होते. ग्रामपंचायतीची परवानगी यायची आहे, तोवर गवंड्याने गिलावा वरच्या अंगाने सुरू केलाय.